कंपनीनं नेमकं केलं काय? : एका प्रश्नसंग्रहाची प्रस्तावना

या संग्रहातला एक प्रश्न आधी वाचा.

इचलकरंजीतली एक कापड कंपनी आहे. सुती कापड विणणं हा तिचा मूळ धंदा आणि तो नफ्यात चालतो. आठ वर्षांपूर्वी तिनं तयार कपड्यांचा विभाग सुरू केला. गेली चार वर्षं तो तोट्यात आहे. संचालकांनी त्या विभागाचा व्यवस्थापक बदलला, खर्चाला कात्री लावली, दोन वर्षं आणखी पैसा ओतला; फरक पडला नाही. शेवटी त्यांनी तो विभाग दुसऱ्या कंपनीला विकला आणि आलेल्या पैशातून मूळ धंद्यावरचं कर्ज फेडलं. कंपनीनं कोणती व्यूहनीती अवलंबली, सकारण सांगा.

वर्गात हा प्रश्न दिला की ‘टर्नअराउंड’ हे उत्तर हमखास येतं. कारण विचारलं तर मुलं परिच्छेदातले शब्द दाखवतात : तोटा आहे, खर्चकपात आहे, व्यवस्थापक बदलला आहे. शब्द खरेच तिथे आहेत. पण प्रश्न कंपनीच्या परिस्थितीचा नाही, तिच्या निर्णयाचा आहे. टर्नअराउंडचा प्रयत्न झाला आणि फसला. त्यानंतर संचालकांनी विभाग विकण्याचा निर्णय घेतला. म्हणून उत्तर डायव्हेस्टमेंट. चार वर्षांचा तोटा ही त्या निर्णयाची पार्श्वभूमी, आणि व्यवस्थापक बदलणं हा आधीचा, सोडून दिलेला मार्ग.

कंपनीचं वर्णन वाचून व्यूहनीती ओळखायच्या प्रश्नांत ज्या चुका होतात, त्यातल्या बहुतेक इथूनच सुरू होतात. परिस्थिती आणि निर्णय यांची गल्लत होते. हा संग्रह ती गल्लत सोडवण्यासाठी आहे.

विषयाची चौकट थोडक्यात सांगतो. कंपनी पातळीवरच्या व्यूहनीतींची जी विभागणी आज आपण शिकतो, ती मुख्यतः विल्यम ग्लुएक या अमेरिकी अभ्यासकाच्या नावाशी जोडली जाते : स्थैर्य, विस्तार, काटछाट आणि या तिन्हींचं मिश्रण. काटछाटीच्या पोटात तीन मार्ग येतात. धंदा हातात ठेवून तो सावरणं म्हणजे टर्नअराउंड, धंद्याचा एखादा भाग विकून मोकळं होणं म्हणजे डायव्हेस्टमेंट, आणि सगळा धंदाच बंद करून मालमत्ता विकणं म्हणजे लिक्विडेशन. सीए इंटरमिजिएटला, एम. कॉम.ला किंवा एमबीएला हीच मांडणी थोड्याफार फरकानं येते. काही पुस्तकं टर्नअराउंडला स्वतंत्र प्रकरण देतात, त्यामुळे ‘काटछाट की टर्नअराउंड?’ असा गोंधळ होतो. दोन्ही उत्तरं एकाच फांदीवरची आहेत. प्रश्नात नेमका मार्ग कळण्याइतका तपशील असेल तर नेमकं नाव द्यावं. तपशील नसेल, कंपनी आपला व्याप कमी करते आहे एवढंच कळत असेल, तर काटछाट म्हणून थांबावं.

आता पद्धत. परिच्छेद वाचताना तीन गोष्टी शोधायच्या. पहिली, निर्णयापूर्वी कंपनी कुठे उभी होती. दुसरी, तिनं आपल्या धंद्याच्या सीमा हलवल्या का. म्हणजे माल, ग्राहक, प्रदेश किंवा स्वतः करायची कामं यांत काही वाढवलं, काही सोडलं, की सगळं जागच्या जागी ठेवलं. तिसरी, हे सगळं कशासाठी चाललं आहे : आहे ते टिकवायला, वाढायला, सावरायला, की बाहेर पडायला. पहिल्या गोष्टीवरून फक्त अंदाज बांधता येतो. उत्तर दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीत असतं.

एकच कंपनी घेऊन हे तपासू. पुण्याला जवळची आणि दहा वर्षांच्या अवधीत यातली बरीच वळणं पार केलेली कंपनी म्हणजे टेल्को, २००३पासून टाटा मोटर्स या नावानं ओळखली गेलेली.

१९९०च्या दशकात टेल्कोची ओळख ट्रक आणि बस बनवणारी कंपनी अशी होती. सिएरा, सुमो यांसारखी वाहनं तिनं बाजारात आणली होती, तरी पोट भरत होतं ते ट्रकवर. १९९८च्या डिसेंबरात तिनं इंडिका आणली. देशात आखलेली छोटी मोटार, पिंपरी-चिंचवडचा कारखाना आणि सुमारे १,७०० कोटी रुपयांची गुंतवणूक. तीन गोष्टी लावून पाहा. निर्णयापूर्वी कंपनी भक्कम होती. सीमा हलली : ट्रकमालक आणि वाहतूकदार या गिऱ्हाइकाच्या जोडीला पगारदार कुटुंब आलं. हेतू वाढीचा होता. म्हणून विस्तार. पुढचा प्रश्न उपप्रकाराचा. मोटार बनवण्याचं तंत्र, कारखान्याचा अनुभव, पुरवठादार हे सगळं मूळ धंद्याशी नातं सांगणारं आहे, पण माल आणि ग्राहक दोन्ही बरेचसे नवे. म्हणून हे संबंधित विविधीकरण. कोणी म्हणेल की सुमो विकणारी कंपनी प्रवासी वाहनांत आधीच होती, मग हे नवं उत्पादन आणून केलेलं सघनीकरण का नाही? तसंही मांडता येईल. अशा सीमेवरच्या जागी परीक्षक नावापेक्षा कारण वाचतो. ‘ट्रक कंपनीच्या दृष्टीनं छोट्या मोटारीचा ग्राहक वेगळा आहे’ हे वाक्य लिहिलं असेल तर उत्तर उभं राहतं.

इंडिका आली आणि त्याच सुमारास ट्रकचा बाजार आकसला. ट्रकची मागणी देशाच्या उद्योगचक्राला बांधलेली असते. मालवाहतूक मंदावली की पहिला फटका नव्या ट्रकच्या खरेदीला बसतो. एकीकडे नव्या मोटारीवरचा मोठा खर्च, दुसरीकडे कमावत्या धंद्याला ओहोटी. २०००-०१ या वर्षी कंपनीला सुमारे ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला.

इथे थांबून प्रश्न करा : या आकड्यावरून व्यूहनीती कोणती? उत्तर आहे, अजून कोणतीच नाही. पाचशे कोटींचा तोटा झालेली कंपनी मोटारीचा धंदा विकू शकली असती. ती आणखी कर्ज काढून पुढे रेटू शकली असती. नुसत्या तोट्यावरून उत्तर लिहिणारा विद्यार्थी संचालक मंडळाच्या आधीच निर्णय घेऊन टाकतो.

प्रत्यक्षात व्यवस्थापनानं तीन टप्प्यांचा बेत आखला. पुढे कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक झालेले रवी कांत यांनी तो अनेकदा मांडला आहे. पहिल्या टप्प्यात गळती थांबवायची, दुसऱ्यात देशातलं स्थान पक्कं करायचं आणि तिसऱ्यात देशाबाहेर वाढायचं. पहिल्या टप्प्यातली कामं पाहिली की टर्नअराउंड कसं दिसतं ते कळतं. सुट्या भागांच्या खरेदीत पुरवठादारांकडून संगणकावर उलट्या लिलावानं बोली मागवल्या गेल्या, म्हणजे कमी भाव देणाऱ्याला काम. स्वेच्छानिवृत्तीच्या योजनांनी कामगारसंख्या कमी केली. कर्जाचं ओझं उतरवलं. बांधकामाची यंत्रं बनवणारा विभाग टेल्कॉन या वेगळ्या कंपनीत गेला आणि त्यात जपानच्या हिताचीला भागीदारी मिळाली. आणि ज्या इंडिकावर ग्राहकांच्या तक्रारी येत होत्या, ती सुधारून २००१मध्ये इंडिका व्ही-२ म्हणून पुन्हा आणली.

शेवटच्या दोन गोष्टींकडे नीट पाहा, कारण प्रश्न काढणारे नेमक्या अशाच जागा शोधतात. टेल्कॉनमध्ये भागीदार घेणं हे सुटं वाचलं तर डायव्हेस्टमेंटकडे झुकणारं पाऊल आहे. इंडिका व्ही-२ सुटी वाचली तर उत्पादनविकास, म्हणजे विस्तार. पण दोन्ही एका मोठ्या कामाचा भाग होत्या, आणि ते काम होतं मूळ वाहनधंदा हातात ठेवून सावरण्याचं. टर्नअराउंडमध्ये थोडं विकणं असतं, थोडं बदलणं असतं, माल सुधारणंही असतं. परिच्छेदात अशी चार-पाच पावलं आली तर प्रत्येकाला वेगळं नाव देत बसू नये. ती सगळी मिळून कुठे नेतात ते पाहावं. मुख्य धंदा पुन्हा नफ्यात आणण्याकडे नेत असतील तर टर्नअराउंड. मुख्य पाऊलच विक्रीचं असेल आणि त्या विभागाला सावरण्याचा विचार संपलेला असेल तर डायव्हेस्टमेंट. इचलकरंजीच्या कंपनीत आणि टेल्कोत फरक पडतो तो इथे.

२००२-०३मध्ये कंपनी पुन्हा नफ्यात आली. आकडा सुमारे ३०० कोटी. पुढच्या पावलांचं नाव आता बदलतं. २००४मध्ये दक्षिण कोरियातली देवू कमर्शियल व्हेइकल ही ट्रक कंपनी विकत घेतली. तोच माल, तशाच ग्राहकाला, पण दुसऱ्या देशात आणि दुसऱ्याची कंपनी घेऊन : विस्तार, संपादनाच्या आणि आंतरराष्ट्रीयीकरणाच्या वाटेनं. २००५मध्ये ‘एस’ हा छोटा मालवाहू ट्रक आला : विस्तार, नव्या उत्पादनाच्या वाटेनं. २००८मध्ये फोर्डकडून जग्वार लँड रोव्हर सुमारे २.३ अब्ज डॉलरला घेतली : पुन्हा विस्तार. त्यामागचं कारणही संकटकाळातच सापडलं होतं. एकाच देशाच्या उद्योगचक्रावर सगळा धंदा लटकलेला असेल तर पुढची मंदी पुन्हा तसाच तडाखा देणार, म्हणून बाजार वेगवेगळ्या देशांत असलेले बरे.

आणि लगेच जागतिक मंदी आली. २००८-०९मध्ये टाटा मोटर्सला एकत्रित हिशेबात सुमारे २,५०० कोटी रुपयांचा तोटा झाला. आता जग्वार लँड रोव्हरमध्ये रोकड सांभाळणं आणि खर्च आवरणं हे सावरण्याचं काम सुरू झालं. त्याच वेळी भारतात नॅनो बाजारात येत होती. एका घरात टर्नअराउंड आणि विस्तार दोन्ही एकदम चालू. ग्लुएकच्या चौथ्या प्रकाराची, मिश्र व्यूहनीतीची, गरज अशाच कंपन्यांसाठी आहे. पण ते नाव पळवाट म्हणून वापरू नये. वेगवेगळ्या धंद्यांत, एकाच काळात, वेगवेगळे निर्णय झाल्याचं परिच्छेदात स्पष्ट असेल तरच मिश्र म्हणावं. काळ वेगळा असेल तर ते मिश्रण नाही, क्रम आहे. टेल्कोनं १९९८मध्ये विस्तार केला आणि २००१मध्ये सावरलं, याला कोणी मिश्र म्हटलं तर ते चूक.

यातून आणखी एक सवय लावून घेण्यासारखी आहे : प्रश्न कोणत्या वर्षाबद्दल विचारतो आहे ते पाहायचं. एकाच कंपनीचं उत्तर तीन वर्षांत बदलू शकतं.

आता स्थैर्याकडे वळतो. सर्वांत सोपा वाटणारा आणि सर्वांत जास्त गुण घालवणारा प्रकार हाच. स्थैर्य म्हणजे स्वस्थ बसणं नव्हे. सांगलीतली एक हळद दळून पाकिटबंद करणारी कंपनी घ्या. तीन जिल्ह्यांत माल जातो, नफा समाधानकारक आहे, बाजार जितका वाढतो तितकीच विक्री वाढते. मालकानं जुनी दळणयंत्रं काढून नवी बसवली आणि पाकिटाचं रूप बदललं. हे स्थैर्य. पैसा खर्च झाला, यंत्रं नवी आली, विक्रीही वाढली, तरी स्थैर्यच. कारण सीमा हलली नाही आणि वेग पूर्वीचाच आहे.

याच परिच्छेदात एक वाक्य बदलून पाहा. तीच हळद दुबईला पाठवायला सुरुवात केली : विस्तार, नव्या बाजारपेठेच्या वाटेनं. पाकिटाची फिल्म बनवणारा छोटा कारखाना विकत घेतला : विस्तार, मागच्या दिशेचं एकात्मीकरण, कारण आजवर बाहेरून घेतलेली वस्तू आता घरात बनणार. तिसरा बदल जरा अवघड आहे. माल तोच, जिल्हे तेच, पण मालकानं भाव उतरवला, जाहिरातींवर दुप्पट खर्च केला आणि तीन वर्षांत प्रतिस्पर्ध्यांचा निम्मा ग्राहक ओढायचं ठरवलं. सीमा हलली नाही म्हणून स्थैर्य लिहिलं तर चुकेल. हा बाजारात खोलवर शिरण्याचा मार्ग आहे आणि तो विस्तारातच मोडतो. म्हणजे नुसती सीमा पाहून भागत नाही. कंपनी बाजाराच्या चालीनं चालते आहे की मुद्दाम जास्त ताकद लावून पुढे जायला बघते आहे, हे पाहावं लागतं. पद्धतीतली तिसरी गोष्ट, ‘कशासाठी’, इथे कामाला येते.

काटछाटीबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे : विकलं म्हणजे कंपनी अडचणीत. लार्सन अँड टुब्रोनं आपला इलेक्ट्रिकल अँड ऑटोमेशन विभाग श्नायडर इलेक्ट्रिकला विकला. २०२०मध्ये पूर्ण झालेल्या या व्यवहाराची किंमत १४,००० कोटी रुपये होती. विभाग चालता होता, कंपनीही. मूळ धंद्यावर लक्ष आणि भांडवल एकवटायचं म्हणून एक चांगला विभाग सोडला. व्यूहनीतीचं नाव तरीही डायव्हेस्टमेंट. उत्तरात मात्र ‘संकटामुळे’ असं लिहायचं नाही, कारण परिच्छेदात संकट नाही. आठवणीतल्या व्याख्येतून कारण उचललं की असं होतं. कारण नेहमी समोरच्या परिच्छेदातून उचलायचं.

लिक्विडेशनवर फार प्रश्न येत नाहीत, तरी एक भेद ध्यानात असू द्या. मालकानं विचार करून, योग्य वेळी, धंदा बंद करून मालमत्ता विकणं ही व्यूहनीती. जेट एअरवेजची गोष्ट निराळी आहे. एप्रिल २०१९मध्ये उड्डाणं थांबली, दिवाळखोरी संहितेखाली पुनरुज्जीवनाची योजना मंजूर झाली, ती प्रत्यक्षात उतरली नाही आणि नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लिक्विडेशनचा आदेश दिला. इथे सावरण्याच्या प्रयत्नाला मर्यादा असते हेही दिसतं. टर्नअराउंडला तगून राहिलेला गाभा लागतो : टेल्कोकडे ट्रकचा बाजार, कारखाने, विक्रेते आणि मागणी परत येण्याची खात्री होती. विमानं जमिनीवर आली, वैमानिक आणि वेळापत्रकातल्या जागा दुसरीकडे गेल्या की सावरायला उरतं थोडं. म्हणून ‘टर्नअराउंड सुचवा’ असं विचारलं असेल तर आधी परिच्छेदात हा गाभा शोधा. तो नसेल तर टर्नअराउंड सुचवणं हीच चूक ठरेल.

उत्तर लिहिण्याबद्दल. चार-पाच गुणांच्या प्रश्नाला पानभर व्याख्या लागत नाही. पहिल्या वाक्यात व्यूहनीतीचं आणि कळत असेल तर उपप्रकाराचं नाव. मग परिच्छेदातले दोन-तीन पुरावे, शक्यतो कंपनीनं केलेल्या कृती. शेवटी एका वाक्यात जवळचा दुसरा पर्याय का नाही ते. इचलकरंजीच्या प्रश्नात हे शेवटचं वाक्य असं येईल : ‘विभाग सावरण्याचे प्रयत्न अयशस्वी ठरल्यावर कंपनीने तो विकला असल्याने ही टर्नअराउंड नव्हे.’ या एका वाक्यानं परीक्षकाला कळतं की विद्यार्थ्यानं सापळा पाहिला आणि ओलांडला.

संग्रहाची मांडणी याच क्रमानं आहे. पहिल्या भागात एकाच व्यूहनीतीचे सरळ प्रश्न आहेत. दुसऱ्या भागात जोडीचे प्रश्न : तोच परिच्छेद, एक वाक्य बदललेलं, उत्तर वेगळं. हा भाग वेळ घेऊन सोडवावा, कारण खरा सराव तिथे होतो. तिसऱ्या भागात मिश्र आणि बहुकालिक प्रश्न आहेत, जिथे एका कंपनीच्या वेगवेगळ्या वर्षांबद्दल विचारलं आहे. सीमेवरच्या प्रश्नांना दोन उत्तरं मान्य होत असतील तर दोन्ही दिली आहेत आणि प्रत्येकामागचं कारणही. वर्गातल्या ज्या विद्यार्थ्यांनी माझ्या उत्तरांवर हुज्जत घातली, त्यांच्यामुळे यातले कित्येक प्रश्न पुन्हा लिहिले गेले, त्यांचे आभार.

वाचकाला एकच विनंती. प्रत्येक परिच्छेद वाचताना पेन्सिल हातात घ्या आणि कंपनीनं काय सोसलं ते सोडून, तिनं काय केलं ते सांगणारी क्रियापदं अधोरेखित करा. ‘विकला’, ‘घेतली’, ‘बसवली’, ‘पाठवायला सुरुवात केली’. ती क्रियापदं वाचून उत्तर लिहा, आणि मगच शेवटची पानं उघडा.